शालजोडीतला : बढाईखोर साहेब आणि त्याचा नम्र कारकून यांचा प्रवेश कसा लिहावा

मराठीत सभ्य अपमानाला फार नेमका शब्द आहे, शालजोडीतला. जोडा मारायचा, पण शालीत गुंडाळून. ज्याला मारायचा त्याच्या अंगावर वरवर पाहता शालच पडली पाहिजे आणि आत जोडा आहे हे प्रेक्षकाला आवाजावरून कळलं पाहिजे. विनोदी प्रवेश लिहिताना मी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवतो, कारण लिहिताना होणाऱ्या चुका याच दोन वस्तूंच्या आहेत. शाल पातळ असली तर ते भांडण होतं. जाड असली तर जोडा लागतच नाही, नुसती खुशामत ऐकू येते.

हा लेख एकाच प्रकारच्या प्रवेशाबद्दल आहे : एक मोठेपणा मिरवणारा माणूस, त्याच्या हाताखालचा एक तिखट जिभेचा माणूस, आणि पाच मिनिटं. एकांकिका लिहिणाऱ्याला, गणेशोत्सवासाठी प्रहसन बसवणाऱ्याला किंवा मालिकेचे संवाद लिहिणाऱ्याला हा प्रवेश कधी ना कधी लिहावा लागतोच. मी इथे एक प्रवेश सुरुवातीपासून बांधून दाखवतो.

आधी गर्वाला पत्ता द्या

'गर्विष्ठ माणूस' एवढ्यावर प्रवेश लिहिता येत नाही. गर्व कशाचा, हे एका वस्तूपर्यंत खाली आणावं लागतं. घराण्याचा, पगाराचा, इंग्रजीचा, आवाजाचा, परदेशी राहणाऱ्या मुलाचा. एकाच माणसाला सगळ्याचाच गर्व दिलात तर जोडा कुठे मारायचा ते ठरत नाही आणि संवाद इकडेतिकडे भटकतात.

आपण अप्पासाहेब घेऊ. कृष्णेकाठच्या एका गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे ते बावीस वर्षं अध्यक्ष आहेत. त्यांना गर्व विद्वत्तेचा आहे आणि त्यांच्याजवळ विद्वत्ता नाही, पद आहे. गर्व आणि प्रत्यक्ष यांच्यात पडलेली ही फट म्हणजे तुमचा कच्चा माल. फट नसेल तर प्रवेशही नाही. खरोखर विद्वान असलेल्या माणसाला विद्वत्तेवरून टोमणे मारले तर प्रेक्षक टोमणे मारणाऱ्यावर रागावतो.

त्यानंतर अप्पासाहेबांना या पाच मिनिटांत काहीतरी हवं असलं पाहिजे. माझ्या पहिल्या काही संहितांत हेच नव्हतं. साहेब खुर्चीत बसून बढाया मारायचा, नोकर बाजूला उभा राहून टोमणे मारायचा, आणि तिसऱ्या टोमण्यानंतर वाचनाला बसलेल्यांची चुळबुळ सुरू व्हायची. टोमणा वाईट नव्हता, पण त्याने कशालाच धक्का लागत नव्हता. साहेबाला काही हवं असलं आणि ते मिळवायला त्याला याच माणसाची गरज असली, की प्रत्येक टोमणा त्या हव्या असलेल्या गोष्टीला एक टाचणी लावतो.

अप्पासाहेबांना काय हवंय? उद्या त्यांचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. आणि मानपत्र ते स्वतःच सांगताहेत. लिहून घेणारा आहे दामू, वाचनालयाचा कारकून.

असा प्रसंग मिळाला की अर्धं काम झालं. मानपत्र सांगणारा माणूस एकेक वाक्य थांबत थांबत बोलतो. प्रत्येक वाक्य बढाईचंच असतं. लिहून घेणाऱ्याला प्रत्येक वाक्यानंतर बोलायचा हक्क मिळतो, कारण त्याला शब्द विचारून घ्यावे लागतात. टोमण्यांसाठी जागा शोधायला नको. तुमचा प्रसंग वेगळा असेल, पण त्यात अशी एखादी कामाची जोडी शोधा : कपडे चढवणारा आणि उभा राहणारा, फोटो काढणारा आणि बसणारा, औषध मोजून देणारा आणि घेणारा.

दामूला नोकरीवरून का काढत नाहीत?

हा प्रश्न प्रेक्षक तोंडाने विचारत नाही, पण उत्तर मिळालं नाही तर त्याचा विश्वास उडतो. इतकं ऐकून घेणारा साहेब या माणसाला हाकलत का नाही? मला दोन उत्तरं कामाची वाटतात आणि दोन्ही एकत्र असावीत. एक, साहेबाचं त्याच्यावाचून अडतं. अप्पासाहेबांना शुद्ध लिहिता येत नाही, दामूचं अक्षर चांगलं आहे, रजिस्टरं कुठे आहेत ते त्यालाच ठाऊक. दोन, दामू कधीच असं काही बोलत नाही की ज्यावर बोट ठेवता येईल.

हे दुसरं उत्तर आपल्या रंगभूमीइतकंच जुनं आहे. संस्कृत नाटकातला विदूषक राजाला 'वयस्य' म्हणजे मित्र म्हणून हाक मारतो आणि राजा संस्कृत बोलत असताना आपण प्राकृतात बोलतो. आपल्या तमाशात गण, गौळण आणि बतावणी झाल्यावर वग लागतो, आणि वगातला राजा छापील मराठी बोलतो तर शिपाई किंवा सोंगाड्या गावाकडची. दोन्हीकडे युक्ती एकच आहे : मोठ्या माणसाची भाषा फुगलेली, लहान माणसाची साधी. साधी भाषा फुगलेल्या भाषेला नुसती शेजारी उभी राहिली तरी फुगा दिसतो. अप्पासाहेब म्हणतात, 'धुरा वाहिली'. दामूने फक्त 'कुणाचा हात लागू दिला नाहीत' म्हटलं तरी काम होतं.

म्हणून दोघांची भाषा लिहायला बसण्याआधी ठरवून टाका. अप्पासाहेब स्वतःबद्दल 'आमचा आवाज' म्हणतात, दामूला 'अरे-तुरे' करतात. दामू 'आपण' म्हणतो, 'सांगावं', 'करावी' असं बोलतो, आणि संपूर्ण प्रवेशात एकदाही 'तुम्ही'वर उतरत नाही. आदरार्थी रूप ही मराठीने दिलेली फुकटची शाल आहे. 'तू ऐकू येतोस' यात काही नाही. 'आपण ऐकू येता' म्हटलं की वाक्याला काठ येतो.

शाल विणण्याच्या तीन रीती

शाळेत अलंकार शिकताना व्याजस्तुती आली होती : वरून स्तुती, आतून निंदा. पण व्याख्या पाठ असून टोमणा लिहिता येत नाही. प्रत्यक्ष लिहिताना मला तीनच रीती पुन्हा पुन्हा उपयोगी पडल्या.

पहिली, साहेबाचाच शब्द उचलायचा आणि त्याला पुरावा द्यायचा. 'स्थैर्य लाभलं' असं साहेब म्हणाला, तर दामू 'स्थैर्य' नाकारत नाही, उलट मान डोलावतो आणि स्थैर्याचा आकडा सांगतो. आकडा खरा असतो, म्हणूनच लागतो.

दुसरी, काम नीट व्हावं म्हणून प्रश्न विचारायचा. 'हे आधी घेऊ का ते?' 'उदाहरणादाखल काय घालू?' प्रश्न कामाचा असल्यामुळे साहेबाला रागावता येत नाही. उत्तर मात्र द्यावं लागतं, आणि उत्तर देताना तो स्वतःच अडकतो.

तिसरी, आज्ञा तंतोतंत पाळायची. साहेब म्हणाला 'हे लिहू नकोस', तर 'नाही लिहीत' म्हणायचं, आणि न लिहिण्याचं कारण सांगायचं.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे : हत्यार साहेबच पुरवतो. दामू बाहेरून काही आणत नाही. माझं तर असं ठाम मत आहे की ज्या टोमण्यासाठी दामूला स्वतःहून विषय काढावा लागतो, तो टोमणा कितीही चांगला असला तरी काढून टाकावा. विषय काढला की दामू हल्लेखोर होतो, आणि हल्लेखोराच्या अंगावर शाल शोभत नाही.

पंच कुठे ठेवायचा

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि पुष्कळ टोमणे तिथेच मरतात. लागणारा शब्द येऊन जातो, प्रेक्षक हसायला तोंड उघडतो, आणि मागून 'आहे', 'होतं', 'झालेलं आहे' असं काहीतरी येतं. हसू त्या 'आहे'वर सांडतं.

हे बघा : 'आपण आलात तेव्हा वाचनालय ड वर्गात होतं आणि आज बावीस वर्षांनंतरही ते ड वर्गातच आहे.' माहिती पूर्ण आहे, हशा नाही. आता हे : 'आपण आलात तेव्हा वाचनालय ड वर्गात. आज बावीस वर्षांनी... ड वर्गात.' दोन्ही क्रियापदं गेली. 'ही' गेला, 'च' गेला. 'च' गेल्याचं काहींना वाईट वाटेल, कारण मराठीत जोर द्यायचा तर 'च' लावायची सवय असते. पण 'ड वर्गातच' म्हणताना दामू बोट दाखवतो, 'ड वर्गात' म्हणताना तो फक्त नोंद वाचतो. आपल्याला नोंद वाचणारा दामू हवाय.

उलट जिथे क्रियापदच जोडा असेल तिथे ते शेवटीच राहू द्या. 'आपण दिसायच्या आधी ऐकू येता' यात 'ऐकू येता' हाच मारा आहे, त्यामुळे मराठीचा नेहमीचा क्रम इथे आपल्या बाजूने आहे. प्रत्येक टोमणा लिहून झाला की शेवटच्या शब्दावर बोट ठेवून बघा : लागणारा शब्द तोच आहे का?

प्रेक्षकाला आधी काय ठाऊक हवं

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि त्यांवर अनुदान ठरतं. ड सगळ्यांत खालचा. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर बसलेल्या माणसाला हे ठाऊक असतं, पुण्याच्या नाट्यगृहात बसलेल्या मुलीला नसतं. टोमण्याच्या वेळी दामूने 'ड म्हणजे सगळ्यांत खालचा वर्ग' असं समजावलं तर शाल गेली. म्हणून ही माहिती आधी, दुसऱ्याच कामाच्या निमित्ताने पेरून ठेवायची. मी ती पाटीवर ठेवली आणि अप्पासाहेबांना ती झाकायला लावली. माणूस एखादं अक्षर झाकतोय म्हटल्यावर ते अक्षर लाजिरवाणं आहे हे कुणालाही कळतं.

आता पूर्ण प्रवेश.

(वाचनालयाची खोली. भिंतीवर पाटी : 'सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य ड वर्ग'. दामू स्टुलावर चढून पाटीवर झेंडूचं तोरण बांधतोय. अप्पासाहेब खाली उभे.)

अप्पासाहेब : डावीकडे घे. अजून. अजून जरासं... हां. बस्स.

(तोरणाने 'ड' बरोबर झाकला गेलाय.)

दामू : जी.

अप्पासाहेब : आता खाली ये. सत्कार समितीने एकमताने ठरवलंय, मानपत्र द्यायचं. तेवढं घे लिहून.

दामू : (वही उघडतो) सांगावं.

अप्पासाहेब : 'माननीय अप्पासाहेब म्हणजे या पंचक्रोशीतला चालताबोलता ज्ञानकोश.'

दामू : चालता... बोलता... अप्पासाहेब, एक विचारू? 'बोलता' आधी घेऊ का?

अप्पासाहेब : का बरं?

दामू : नाही, आपण दिसायच्या आधी ऐकू येता.

अप्पासाहेब : (समाधानाने) आवाजच तसा आहे आमचा. घे. 'गेली बावीस वर्षे या संस्थेची धुरा त्यांनी एकहाती वाहिली.'

दामू : एकहाती. हे मात्र खरं. किती जणांनी मागितली, आपण कुणाचा हात लागू दिला नाहीत.

अप्पासाहेब : (थांबून) म्हणजे... कुणावर भार टाकला नाही.

दामू : तेच म्हणतो मी.

अप्पासाहेब : 'त्यांच्या कारकिर्दीत संस्थेला लाभलेले स्थैर्य केवळ अपूर्व.'

दामू : वा! हे तर मला तोंडपाठ आहे. आपण आलात तेव्हा वाचनालय ड वर्गात. आज बावीस वर्षांनी... ड वर्गात.

अप्पासाहेब : ते वर्गाचं घालू नकोस.

दामू : छे, छे. (तोरणाकडे बघून) झाकलंय ना आपण.

अप्पासाहेब : पुढे. 'ग्रंथ हाच त्यांचा श्वास.'

(दामू लिहिता लिहिता थांबतो. उठतो. कपाटातून देवघेवीचं रजिस्टर काढून पानं उलटतो.)

अप्पासाहेब : काय शोधतोयस?

दामू : एखाद्या ग्रंथाचं नाव घालावं म्हटलं. मानपत्राला वजन येतं. (बोट ठेवून) हे बघावं. आपण नेलेलं शेवटचं पुस्तक. दोन हजार अकरा. लोणची आणि मुरंबे.

अप्पासाहेब : ते... हिने मागवलं होतं.

दामू : असं होय. (पेन उचलतो) मग श्वास वहिनीसाहेबांचा लिहू?

अप्पासाहेब : दामू! टिंगल करतोयस माझी?

दामू : (उभा राहतो) मी? वही बघावी आपण. सांगितलंत तेवढंच लिहिलंय. एक अक्षर माझं नाही.

(अप्पासाहेब वही घेतात, वाचतात. खरंच एक अक्षर दामूचं नाही. वही परत देतात.)

दामू : एक माझं घालू का? एकोणीसच्या पुरात आपण कमरेएवढ्या पाण्यातून पुस्तकं माळ्यावर नेलीत. रात्रभर.

अप्पासाहेब : हॅः! ती हमाली. मानपत्रात हमाली घालतात का?

दामू : (वेळ घेऊन) नाही घालत.

(शांतता.)

अप्पासाहेब : काय रे... लोकांना कळणार नाही ना, मी सांगितलंय ते?

दामू : कसं कळेल? खाली 'सत्कार समिती' लिहिलंय.

अप्पासाहेब : हां. मग समितीच्या सगळ्यांच्या सह्या घे.

दामू : घेतो की. (पेन त्यांच्यापुढे धरतो) करावी.

(अंधार.)

चढण कशी ठेवली

टोमण्यांचा क्रम हा टोमण्यांच्या दर्जाने ठरत नाही, साहेबाला काय कळतं त्याने ठरतो. पहिला अप्पासाहेबांना कौतुक वाटतो आणि ते खूश होऊन आपलं वाक्य बदलतात. दुसऱ्याला त्यांना कुठेतरी टोचतं, पण नेमकं कुठे ते कळत नाही, म्हणून ते स्वतःच सारवासारव करतात. तिसरा कळतो, आणि ते वाक्यावर बंदी घालतात. चौथ्याला ते उघड आरोप करतात. या चार पायऱ्यांत साहेब प्रत्येक वेळी वेगळं वागतो, म्हणून प्रवेश पुढे सरकतो. चारही वेळा तो नुसता खूश झाला असता तर मूर्ख ठरला असता, चारही वेळा चिडला असता तर दुसऱ्याच वाक्याला दामूची नोकरी गेली असती.

आरोपाची पायरी टाळू नका. पुष्कळ जण ती टाळतात, कारण वाटतं की साहेबाने ओळखलं म्हणजे मजा संपली. उलट तिथेच शालीची खरी परीक्षा होते. 'एक अक्षर माझं नाही' हे वाक्य खरं ठरण्यासाठी मी मागचे सगळे संवाद पुन्हा तपासले : दामूने वहीत खरंच फक्त सांगितलेलं लिहिलंय ना? 'बोलता' आधी घेतलं तेही अप्पासाहेबांच्या संमतीने. तुमच्या प्रवेशातही दामू उलटतपासणीत सुटला पाहिजे. त्याचं प्रत्येक वाक्य एकेक करून कोर्टात वाचलं, तर न्यायाधीशाला त्यात नम्र नोकरच दिसावा.

लोणच्यापाशी आधी आणखी एक पंच होता. 'ते पुस्तक अजून परत आलेलं नाही. म्हणजे श्वास रोखून धरलाय आपण.' मला तो फार आवडला होता आणि वाचनात त्यावर हसलेही लोक. पण मग वहिनीसाहेबांच्या वाक्यावर कुणी हसेना. एकाच रजिस्टरातून दोन पंच काढले की दुसरा पहिल्याच्या हशाखाली गुदमरतो. कुठला ठेवायचा, तर ज्यामुळे साहेबाला काहीतरी करावं लागतं तो. श्वास रोखण्यावर अप्पासाहेबांना फक्त गप्प बसता येत होतं. वहिनींच्या वाक्यावर ते चिडतात, आणि त्या चिडण्यातून पुढचं वाक्य निघतं. म्हणून श्वास रोखणं गेलं.

पुराचं वाक्य कशासाठी

प्रवेश पहिल्यांदा लिहिला तेव्हा पूर नव्हता. आरोप झाला, दामूने वही दाखवली, सही झाली, अंधार. हशे बरोबर पडायचे, पण शेवटी अप्पासाहेबांविषयी काहीच वाटत नव्हतं आणि दामू थोडा दुष्ट वाटायचा. तालमीत अप्पासाहेब करणाऱ्या नटाने मला विचारलं, 'या माणसाने बावीस वर्षांत एकसुद्धा चांगलं काम केलं नाही का?' त्या प्रश्नाला उत्तर म्हणून पूर आला. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी गावोगाव शिरलं होतं. कृष्णेकाठच्या वाचनालयातला माणूस त्या रात्री काय करत होता हे विचारणं स्वाभाविकच होतं.

या एका वाक्याने तीन गोष्टी झाल्या. दामूला साहेबाची खरी किंमत ठाऊक आहे हे कळलं, त्यामुळे त्याचे टोमणे द्वेषातून येत नाहीत हे सिद्ध झालं. अप्पासाहेबांकडे अभिमान बाळगण्यासारखं काहीतरी खरोखर आहे आणि नेमकं तेच त्यांना क्षुद्र वाटतं, म्हणजे गर्व कुठे चुकला तेही दिसलं. आणि हशांच्या मध्ये एक शांत जागा तयार झाली, जिच्यामुळे शेवटच्या सहीचा हशा मोठा होतो. ही जागा सहसा तीन-चार वाक्यांपेक्षा मोठी करू नका. अप्पासाहेबांचे डोळे भरून आले वगैरे लिहायचा मोह होतो. तसं केलं की सहीचं वाक्य क्रूर वाटायला लागतं.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे सरळ अपमान. माझ्या एका जुन्या मसुद्यात दामू म्हणत होता, 'अप्पासाहेब, आपण आयुष्यात एक तरी पुस्तक वाचलंय का?' वाचनात प्रचंड लाफ्टर पडला. पण त्यानंतर मला पुढचं वाक्य लिहिता येईना, कारण त्यावर अप्पासाहेबांनी दामूला बाहेर काढणं एवढंच खरं वागणं उरलं होतं. एखाद्या टोमण्यानंतर पुढचं वाक्य सुचत नसेल तर अडचण पुढच्या वाक्यात शोधू नका, टोमण्यात शोधा.

दुसरं बिघडतं तालमीत. दामू करणारा नट प्रेक्षकाकडे बघून डोळा मारतो, किंवा टोमणा मारून ओठ दाबून हसतो. प्रेक्षकाला सांगायची त्याला गरज वाटते, पण त्याने सांगितलं की अप्पासाहेब आंधळे ठरतात, समोरचा माणूस हसतोय तेही त्यांना दिसत नाही. दामूचं सगळं लक्ष वहीत हवं. संहितेतच त्याच्या हाताला काम द्या : लिहिणं, पानं उलटणं, पेनाला टोपण लावणं. हात कामात असले की चेहरा आपोआप सरळ राहतो. माझ्या कंसातल्या सूचना बहुतेक दामूच्या हातांसाठी असतात, त्याच्या भावनांसाठी क्वचितच.

तिसरं, टोमण्याचा निशाणा शरीरावर, जातीवर, उच्चारावर किंवा गरिबीवर घसरतो. अप्पासाहेबांचं पोट, टक्कल, गुडघे यांवर दामूने काही बोललेलं मी काढून टाकतो. सभ्यतेचा प्रश्न आहेच, पण कलेचाही आहे. या प्रवेशात गर्व विद्वत्तेचा आहे. पोटावरच्या टोमण्याने विद्वत्तेचा फुगा फुटत नाही, फक्त दामूच्या अंगावरची शाल गळून पडते.

तपासायला मी एक साधी गोष्ट करतो. प्रवेशातली फक्त दामूची वाक्यं सलग एका कागदावर उतरवतो आणि ज्याला प्रसंग ठाऊक नाही अशा कुणाला तरी वाचायला देतो. त्याला ती एका आज्ञाधारक कारकुनाची वाक्यं वाटली तर शाल ठीक आहे. जिथे त्याने भुवई उंचावली ते वाक्य पुन्हा लिहायचं. मग दोघांची वाक्यं एकत्र, मोठ्याने, दोन माणसांनी वाचायची आणि हशा कुठे येतो ते समासात पेन्सिलने टिपायचं. हशा अप्पासाहेबांच्या वाक्यावर आला तर घाबरू नका. 'ते वर्गाचं घालू नकोस' यावर दर वेळी हसतात, आणि तेव्हा दामू करणाऱ्याला मी एकच सूचना देतो : हशा ओसरेपर्यंत वहीतून मान वर काढायची नाही, मग तोरणाकडे बघायचं, आणि मगच 'झाकलंय ना आपण'.